मागितलंय चौदा, अडतंय चारांवर: नोकरीची जाहिरात कशी वाचावी

फ्रेशर हवा, पण दोन वर्षांचा अनुभव असावा. पगार वीस हजार, पण टॅली, एसएपी, पॉवर बीआय ही सॉफ्टवेअरं, फर्डं इंग्रजी आणि दबावाखाली हसतमुख राहण्याची तयारी हवी. अशा जाहिराती वाचून लोक दोन टोकं गाठतात. काही जण चौदातल्या नऊच गोष्टी येतात म्हणून अर्जच करत नाहीत. काही जण सगळ्या चौदा गोष्टी रेझ्युमेत कोंबतात आणि मुलाखतीत तिसऱ्या प्रश्नाला अडकतात. दोघांचीही चूक एकच: जाहिरातीतल्या सगळ्या ओळी त्यांनी सारख्याच वजनाच्या धरल्या.

कामाचं स्वरूप आणि उमेदवाराकडून असलेल्या अपेक्षा सांगणाऱ्या मजकुराला कंपन्यांत जॉब डिस्क्रिप्शन किंवा जेडी म्हणतात. रेझ्युमेला हात लावण्याआधी या जेडीची चाळणी करावी लागते. ती कशी करायची, हे अकाउंट्सच्या एका जागेवरून पाहू. इतर क्षेत्रांतही पद्धत हीच, फक्त शब्द बदलतात.

## जेडी लिहितं कोण?

जेडी एका माणसाने एका बैठकीत लिहिलेली नसते. ज्याच्या हाताखाली काम करायचं तो मॅनेजर एचआरला ईमेलवर चार-पाच ओळी पाठवतो: अमुक माणूस सोडून चाललाय, हे हे काम बघणारा हवा. एचआर त्या ओळी घेऊन त्याच पदाची जुनी फाईल उघडतं आणि नव्या ओळी जुन्या साच्यात बसवतं. मग कोणीतरी सुचवतं, पुढच्या वर्षी एसएपी घ्यायचा विचार आहे, तेही टाका. अशा तऱ्हेने आजची गरज, उद्याची हौस आणि परवाचा कचरा एकाच यादीत येतो.

स्थळांच्या जाहिराती आठवा. ‘उच्चशिक्षित, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष, संगीताची आवड असलेली’. बैठक बसली की कळतं, खरी अट एकच होती: मुलीने पुण्यात राहायला हवं. संगीताची आवड काकूंनी घातली होती.

जुना साचा ओळखणं अवघड नसतं. जीएसटी १ जुलै २०१७ला आला. त्यानंतरच्या जाहिरातीत व्हॅट आणि सर्व्हिस टॅक्सची माहिती मागितली असेल, तर ती ओळ बहुधा जुन्या फाईलमधून जशीच्या तशी आलेली असते. २०२०च्या अखेरीस टॅलीप्राइम आलं, तरी अनेक जाहिराती अजून ‘टॅली ईआरपी ९’ मागतात. त्याचा अर्थ टॅली यायला हवं, एवढाच घ्यायचा. अशी एक ओळ सापडली की बाकीची यादीही जरा संशयाने वाचावी.

## एक जाहिरात समोर ठेवू

समजा, चाकणमधल्या वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्याला अकाउंट्स एक्झिक्युटिव्ह हवा आहे. अशा जाहिराती इंग्रजीत असतात, इथे मराठीत देतो.

कामं अशी: दरमहा जीएसटीआर-१ आणि जीएसटीआर-३बी ही रिटर्न भरणं. खरेदीची बिलं जीएसटी पोर्टलवरच्या जीएसटीआर-२बीशी जुळवून तफावतीसाठी व्हेंडरचा पाठपुरावा करणं. टीडीएस कापून वेळेत भरणं. व्हेंडर आणि ग्राहकांची थकबाकी किती जुनी ते दाखवणारा एजिंग रिपोर्ट व व्यवस्थापनासाठीचा महिन्याचा अहवाल, म्हणजे एमआयएस, तयार करणं. ऑडिटरला माहिती देणं. वरिष्ठ सांगतील ती इतर कामं.

अपेक्षा अशा: बी.कॉम. पदवी. सीए इंटर असल्यास प्राधान्य. उत्पादन कंपनीतला ३ ते ५ वर्षांचा अनुभव. टॅली ईआरपी ९. जीएसटीचा आणि टीडीएसचा हँड्स-ऑन अनुभव. ॲडव्हान्स्ड एक्सेल. एसएपी असल्यास प्राधान्य. व्हॅट व सर्व्हिस टॅक्सची माहिती. पॉवर बीआयची तोंडओळख. इंग्रजीत उत्तम संवाद. टीम प्लेअर. दबावाखाली काम करण्याची तयारी. लगेच रुजू होऊ शकणारा.

मोजल्या तर चौदा अपेक्षा भरतात.

## आधी वरचा भाग वाचा, मग खालचा

बहुतेक जण थेट अपेक्षांच्या यादीवर उडी मारतात, कारण तिथे ओळखीचे शब्द सापडतात. पण कारखान्याची गरज कामांच्या यादीत असते. म्हणून क्रम उलटा ठेवा. जेडी कागदावर काढा किंवा वर्डमध्ये चिकटवा आणि अपेक्षेतल्या प्रत्येक ओळीपासून वर एक रेघ ओढा: हे कौशल्य कोणत्या कामाला लागतं? जिला वर टेकायला जागाच मिळत नाही, ती बहुतेक वेळा हौस असते.

आपल्या जाहिरातीत एसएपीची रेघ कुठेच टेकत नाही. पॉवर बीआयचीही नाही. एमआयएसला ते वापरता येईल हे खरं, पण त्याच्यावाचून एमआयएस अडत नाही. उलट एक्सेलकडे बघा. अपेक्षांत ते यादीच्या मधोमध गुपचूप दोन शब्दांत बसलंय, पण त्याच्यापासून २बीची जुळवणी, एजिंग आणि एमआयएस अशा तीन कामांकडे रेघा जातात. ही लपलेली अट. एक्सेल सगळेच लिहितात म्हणून आपणही शेवटच्या ओळीत ‘एमएस ऑफिस’ असं टाकून मोकळं व्हायचं, ही सवय इथे महागात पडते.

‘इंग्रजीत उत्तम संवाद’ ही ओळ जवळपास प्रत्येक जेडीत असते आणि बहुतेकदा नुसती यादी लांबवण्यापुरती असते. इथे मात्र तिला थोडा आधार आहे. व्हेंडरचा पाठपुरावा आणि ऑडिटरला उत्तरं ही दोन्ही बोलायची, लिहायची कामं. म्हणजे ‘उत्तम संवादकौशल्य’ असं लिहून उपयोग नाही. ‘तफावतीच्या बिलांसाठी दरमहा पस्तीसेक व्हेंडरांशी फोन आणि मेलवर पाठपुरावा’ असं लिहिलं तर त्या ओळीचं उत्तर मिळतं.

## पहिल्या महिन्याची कसोटी

रेघा ओढूनही काही ओळी अधांतरी राहतात. त्यांना एकच प्रश्न विचारा: माणूस एक तारखेला रुजू झाला आणि त्याला हे येत नसेल, तर पहिल्या महिन्यात काय अडेल, आणि ते शेजारच्या टेबलावरचा माणूस उचलून धरू शकेल का?

अकाउंट्सचा महिना तारखांवर चालतो. आदल्या महिन्यात कापलेला टीडीएस एरवी ७ तारखेपर्यंत भरायचा असतो, मार्चचा तेवढा एप्रिलअखेरपर्यंत चालतो. दरमहा रिटर्न भरणाऱ्यांना ११ तारखेपर्यंत जीएसटीआर-१ द्यावा लागतो. पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांवरून तयार होणारा जीएसटीआर-२बी १४ तारखेला पोर्टलवर येतो आणि २० तारखेपर्यंत जीएसटीआर-३बी भरून कर चुकता करायचा असतो. उशीर झाला की लेट फी आणि व्याज लागतं.

त्यातली जुळवणी ही खरी नस. १ जानेवारी २०२२पासून पुरवठादाराने दाखवलेलं आणि २बीत उतरलेलं बिल असेल तरच त्यावरच्या कराची वजावट मिळते. एक लाखाच्या मालावर १८ टक्क्यांनी अठरा हजार कर दिला आणि पुरवठादाराने ते बिल चढवलंच नाही, तर ते अठरा हजार त्या महिन्यात कारखान्याच्या खिशातून जातात. अशी दहा बिलं निसटली तर मॅनेजरला वर उत्तर द्यावं लागतं. जीएसटी आणि टीडीएस येत नसलेला माणूस तो का घेणार नाही, हे यावरून समजावं. पहिल्या वीस दिवसांत चार तारखा येतात आणि शिकवायला कोणाला सवड नसते.

हाच प्रश्न एसएपीला विचारा. पहिल्या महिन्यात काही अडत नाही, कारण तिथे अजून टॅली चालतंय. सीए इंटरला विचारा. रिटर्न भरायला त्याची गरज नाही. उत्पादन कंपनीतल्या अनुभवाचं उत्तर मधलं आहे. कच्चा माल, जॉबवर्कला पाठवलेला माल आणि त्याची चलनं ही भानगड व्यापारी पेढीत काम केलेल्याला नवी वाटेल, पण महिना-दोन महिन्यांत अंगवळणी पडेल. म्हणून ती वजनदार हौस म्हणावी: असेल तर ठळक दाखवायची, नसेल तर त्यापायी अर्ज थांबवायचा नाही.

तर काम ज्यांच्यावाचून अडेल अशा चारच गोष्टी उरतात: जीएसटी, टीडीएस, एक्सेल आणि टॅली. त्यातही टॅली अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येकाला येतं. नसेल तर बाद, पण असल्याने कोणी पुढे जात नाही. निवड पहिल्या तीन गोष्टींवर होते.

## शब्दांचं वजन

‘मस्ट हॅव’, ‘मँडेटरी’, ‘रिक्वायर्ड’ एकीकडे आणि ‘प्रेफर्ड’, ‘डिझायरेबल’, ‘गुड टू हॅव’, ‘ॲडेड ॲडव्हान्टेज’ दुसरीकडे, हे सगळ्यांना कळतं. खरी माहिती कौशल्याला जोडलेल्या शब्दांत असते. ‘हँड्स-ऑन’ म्हणजे स्वतःच्या हाताने केलेलं हवं, मुलाखतीत पायरी-पायरीने विचारणार. ‘प्रोफिशिएंट’ म्हटलं की परीक्षा घेण्याची शक्यता धरून चालावी, एक्सेल असेल तर समोर शीट ठेवून पिव्होट करायला सांगतात. ‘वर्किंग नॉलेज’ म्हणजे रोजचं काम कोणाला न विचारता जमावं. ‘एक्सपोजर’ आणि ‘फॅमिलिअरिटी’ म्हणजे नाव ऐकून दचकू नका, एवढंच. आपल्या जाहिरातीत जीएसटी आणि टीडीएसला ‘हँड्स-ऑन’ आहे, पॉवर बीआयला ‘तोंडओळख’. लिहिणाऱ्याने नकळत उत्तर फोडलंय.

एक उलटा सापळाही आहे. नोकरी डॉट कॉमवर जाहिरातीच्या तळाशी ‘की स्किल्स’चे ठोकळे दिसतात आणि त्यातल्या काहींवर चांदणी असते. तिथली टीप सांगते की चांदणीवाली कौशल्यं ‘प्रेफर्ड’ आहेत. हा ‘प्रेफर्ड’ वरच्या ‘प्रेफर्ड’सारखा हलका घेऊ नये. भरती करणाऱ्याने सगळ्या ठोकळ्यांतून तेच वेगळे काढलेत, म्हणजे त्याचा डोळा त्यांच्यावर आहे. चांदण्या आणि तुमच्या चार अटी जुळल्या तर चाळणी बरोबर झाली. एखाद्या भलत्याच गोष्टीवर चांदणी असेल तर वरची कामं पुन्हा वाचा, काहीतरी निसटलंय.

## दारावरच्या अटी वेगळ्या

काही अटी कामाच्या नसतात, आत शिरण्याच्या असतात. पदवी, किमान अनुभव, ठिकाण, रुजू होण्याची तारीख. ऑनलाइन अर्ज करताना हो-नाहीचे किंवा आकडा भरायचे प्रश्न येतात, त्यांना भरतीवाले नॉकआउट प्रश्न म्हणतात. उत्तर चुकलं तर अर्ज आपोआप मागे पडू शकतो. लिंक्डइनवर तर कंपनीला असा प्रश्न ‘मस्ट हॅव’ म्हणून ठरवता येतो. म्हणून जेडी कितीही गोंधळाची असली, तरी अर्जात कंपनीने मुद्दाम जे प्रश्न विचारलेत ते नीट बघा. चौदा गोष्टी लिहून प्रश्न तीनच विचारले असतील, तर ते तीन विषय दारावरचे.

‘३ ते ५ वर्षं’ हा आकडा कामापेक्षा पगाराच्या पट्ट्याशी जास्त जोडलेला असतो. वरचा आकडा म्हणजे बजेट. नऊ वर्षांच्या माणसाला काम येत नाही म्हणून नव्हे, तर त्याला परवडेल एवढा पगार त्या जागेला नाही म्हणून नाकारतात. खालचा आकडा थोडा लवचीक असतो. अडीच वर्षांत दरमहा रिटर्न स्वतः भरले असतील तर अर्ज करावा. एका वर्षाच्या अनुभवावर करू नये, कारण त्यात वर्षअखेर आणि ऑडिट फार तर एकदा पाहिलेलं असतं.

‘लगेच रुजू’ ही ओळ हौस समजून लोक सोडून देतात. इथे ती तशी नाही. खुर्ची रिकामी आहे आणि पुढची ७ तारीख कोणासाठी थांबत नाही. नोटीस पिरियड नव्वद दिवसांचा असेल तर बाकी सगळं जुळूनही फोन येणार नाही. तीस दिवसांचा असेल किंवा राजीनामा दिलेला असेल, तर शेवटच्या दिवसाची तारीख रेझ्युमेच्या वरच्या भागात लिहा. एवढी एक ओळ सीए इंटरपेक्षा जास्त काम करून जाते.

## सरकारी जाहिरातीला ही चाळणी लावता येते का?

नाही, आणि हा फरक नीट समजून घ्यायला हवा. सरकारी भरतीत आवश्यक अर्हता म्हणजे आवश्यकच. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रति मिनिट वेगाचं टंकलेखन प्रमाणपत्र मागितलं असेल, तर पंचवीसचा वेग आणि उत्तम स्वभाव चालत नाही. अर्हता कोणत्या तारखेला हातात असली पाहिजे तेही जाहिरातीत किंवा नियमांत ठरलेलं असतं, बहुधा अर्जाची शेवटची तारीख. निकाल त्यानंतर लागणार असेल तर उपयोग नाही. कारण ती जाहिरात सेवाप्रवेश नियमांवरून निघते आणि एकाला सूट दिली तर दुसरा न्यायालयात जाऊ शकतो. खासगी कंपनीतला मॅनेजर आपल्या अधिकारात अट वाकवू शकतो, सरकारी अधिकाऱ्याला ती मुभा नसते. सरकारी जाहिरातीत ‘प्राधान्य’ असा स्पष्ट शब्द आहे तेवढंच प्राधान्य. बाकी प्रत्येक ओळ शब्दशः घ्यावी.

## ‘पण रेझ्युमे तर आधी कॉम्प्युटर वाचतो ना?’

अर्ज गोळा करून शोधायला सोपे करणारी जी यंत्रणा कंपन्या वापरतात, तिला एटीएस म्हणतात. ती चौदापैकी चौदा शब्द नसलेला रेझ्युमे कचऱ्यात टाकते, असा समज पसरलाय. साधारणपणे होतं ते असं: भरतीवाला शोधाच्या चौकटीत दोन-तीन शब्द टाकतो, जसं ‘GSTR-3B’, ‘TDS’, ‘Chakan’, आणि समोर येणारे रेझ्युमे चाळतो. तो शोधायचे शब्द हौसेच्या यादीतून घेत नाही, अडलेल्या कामातून घेतो. म्हणजे यंत्रासाठी वेगळी आणि माणसासाठी वेगळी चाळणी लागत नाही.

फक्त शब्द जेडीत आहे तसाच लिहा. जेडीत GSTR-3B असेल आणि तुम्ही नुसतं ‘इनडायरेक्ट टॅक्स’ लिहिलं, तर अर्थ बरोबर असूनही शोधात सापडणार नाही. पांढऱ्या अक्षरांत शब्द लपवण्याची युक्ती करू नका. यंत्र मजकूर साध्या रूपात काढून दाखवतं, तेव्हा लपवलेलं सगळं उघडं पडतं.

## ‘सगळंच लिहिलं तर बिघडलं कुठे?’

बिघडतं ते जागेचं. रेझ्युमे पहिल्यांदा चाळणारा माणूस पहिल्या पानाचा वरचा तिसरा हिस्सा बघतो आणि थांबायचं की नाही ते ठरवतो. तिथे पॉवर बीआय, टीम प्लेअर आणि सर्व्हिस टॅक्स यांची गर्दी असेल तर जीएसटी खाली सरकतो. शिवाय प्रत्येक लिहिलेली ओळ म्हणजे मुलाखतीतल्या प्रश्नाला दिलेलं आमंत्रण. यूट्यूबवर दोन व्हिडिओ पाहून एसएपी लिहिलं आणि ‘व्हेंडरचं बिल कुठल्या स्क्रीनवर घेता?’ असं विचारलं, तर नसलेल्या एसएपीपायी असलेल्या जीएसटीवरचाही विश्वास उडतो.

म्हणून वरच्या जाहिरातीसाठी पहिल्या हिश्शात तीन ओळी पुरेत, आणि प्रत्येकीत काम, प्रमाण आणि परिणाम दिसावा. ‘जीएसटीची माहिती’ या जागी: ‘दोन जीएसटी नोंदण्यांचे जीएसटीआर-१ आणि ३बी २६ महिने स्वतः भरले, एकदाही लेट फी नाही’. ‘एक्सेल’ या जागी: ‘दरमहा सुमारे ४०० खरेदी बिलांची २बीशी एक्सेलमध्ये एक्सलुकअप आणि पिव्होट वापरून जुळवणी, चार दिवसांचं काम दीड दिवसावर’. टीडीएसची ओळही तशीच, किती व्हेंडर आणि किती तिमाह्यांची विवरणपत्रं ते सांगून. आकडे अर्थात तुमचे, विचारल्यावर सांगता येतील असे.

हौसेच्या यादीतलं जे खरंच येतं ते खाली ‘इतर’मध्ये एका ओळीत जाऊ द्या. जे येत नाही त्याच्या सगळ्यात जवळचं काही केलं असेल तर ते त्याच्याच नावाने लिहा. एसएपी नाही, पण दुसऱ्या एखाद्या ईआरपीवर परचेस ऑर्डरपासून पेमेंटपर्यंत काम केलंय, एवढं म्हटलं की मॅनेजरला पुढचा हिशोब करता येतो.

## जेडीच दोन ओळींची असेल तर?

छोट्या कंपन्या ‘अकाउंटंट हवा, टॅली व जीएसटी, चाकण, पगार योग्यतेनुसार’ एवढ्यावर भागवतात. इथे चाळायला काही नसतं. अशा वेळी त्याच औद्योगिक पट्ट्यातल्या, त्याच आकाराच्या चार-पाच कंपन्यांच्या त्याच पदाच्या जेडी उघडून कामांच्या यादीत पुन्हा पुन्हा येणारी कामं वेगळी काढावीत. चारांपैकी तीन ठिकाणी २बीची जुळवणी असेल तर इथेही ती असणार, लिहिलेली असो वा नसो.

आणि एचआरचा फोन आला तर पगाराच्या आधी एक प्रश्न विचारून घ्यावा: ‘आधी हे काम बघणाऱ्यांच्या टेबलावरचं कुठलं काम सध्या अडलंय?’ बऱ्याचदा उत्तर अगदी सरळ मिळतं: गेल्या दोन महिन्यांची जुळवणी राहिलीय, किंवा ऑडिटरच्या शंका पडून आहेत. मॅनेजरला पाठवायचा रेझ्युमे अजून तुमच्याच हातात असेल, तर त्या कामाची ओळ उचलून पहिल्या जागी ठेवा आणि त्याच संध्याकाळी पाठवा.